मासिक पासाचा अर्ज करण्यापूर्वी: पात्रता, कागदपत्रे आणि पास कितव्या फेरीला वसूल होतो

मासिक पास काढावा की दर वेळी सुटे तिकीट घ्यावे, हा हिशेब बहुतेक जण एका भागाकारात उरकतात. पासाची किंमत 36 सुट्या तिकिटांइतकी आहे आणि कामाचे 22 दिवस धरून महिन्यात 44 फेऱ्या होणार आहेत, तेव्हा 36व्या फेरीला पैसे वसूल आणि पुढच्या 8 फेऱ्या फुकट, असे उत्तर निघते. भागाकारात चूक नसते. मात्र पासाची खरी किंमत, तुमच्या फेरीचा खरा दर आणि पास हातात असलेले दिवस, हे तिन्ही आकडे अर्जाच्या अटींवर ठरतात आणि त्या अटी खिडकीवर आपणहून कोणी सांगत नाही. म्हणून अर्जाची माहिती आणि हा हिशेब येथे एकत्रच दिला आहे.

अर्जाचा नेहमीचा भाग सोपा आहे: अर्ज, छायाचित्र, ओळखीचा पुरावा, शुल्क आणि पावती. अर्ज परत येतात ते प्रामुख्याने सवलतीच्या पासाचे आणि तेही दोन कागदांवरून. पहिला कागद म्हणजे शिक्षणसंस्थेचा किंवा कामाच्या ठिकाणाचा दाखला, जो चालू सत्राचा किंवा ठरावीक मुदतीतला असावा लागतो. मागच्या सत्राचा दाखला खरा असला तरी चालत नाही. दुसरा कागद राहत्या पत्त्याचा पुरावा. भाड्याच्या खोलीत किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्यांच्या नावे असा पुरावा बहुधा नसतोच, आणि तो मागणाऱ्यांना हे ठाऊकही असते. त्याऐवजी दुसरे काय चालेल, याची यादी बहुतेक वेळा नियमांत असते, फलकावर नसते. ती मागून घ्यावी आणि दाखल्यावरचे नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, हे रांगेत उभे राहण्यापूर्वी पाहावे. दाखला देणाऱ्याचा शिक्का अर्धा छायाचित्रावर आणि अर्धा कागदावर हवा असताना तो पूर्ण कागदावर पडला, एवढ्यावरूनही अर्ज परत आलेले पाहिले आहेत.

अर्ज परत आला की हिशेब किती बिघडतो, हे पास कोणत्या प्रकारचा आहे त्यावर अवलंबून असते. काही पास पहिल्या तारखेपासून महिनाअखेरपर्यंत चालतात, मग ते केव्हाही काढलेले असोत. असा पास दाखल्याच्या फेऱ्यांमुळे कामाचे 4 दिवस उशिरा मिळाला, तर उरलेल्या 18 दिवसांत 36 फेऱ्या होतात. आधीच्या 4 दिवसांची 8 तिकिटे सुटी काढावी लागली, म्हणजे एकूण खर्च 44 तिकिटांचा झाला. पास काढलाच नसता तरी एवढाच खर्च आला असता. त्यानंतर एक दिवस रजा घेतली, तर पास 2 तिकिटांनी महाग पडतो. अर्ज स्वीकारण्याची शेवटची तारीख जाहीर झाली म्हणजे तोवर थांबायला हरकत नाही, असा अर्थ लोक काढतात. ती तारीख फक्त अर्ज घेण्याची असते; वैधतेचे दिवस तोपर्यंत सरत असतात.

काही पास काढल्या दिवसापासून 30 दिवस चालतात. ते निर्धोक वाटतात, परंतु तेथे आरंभाचा वार पाहावा लागतो. तीस दिवस म्हणजे चार आठवडे आणि वर दोन दिवस. शनिवार-रविवार सुटी असेल, तर सोमवारी सुरू झालेल्या पासात वरचे दोन्ही दिवस कामाचे पडतात आणि एकूण 22 दिवस मिळतात. शनिवारी सुरू झालेल्या पासात ते दोन्ही सुटीचे असतात आणि 20 दिवसच मिळतात. एवढ्यानेच 4 फेऱ्यांचा फरक पडतो. अर्जात वैधता केव्हापासून हवी याचा रकाना असल्यास तो मोकळा सोडू नये, कारण मोकळ्या रकान्यात खिडकीवरची व्यक्ती त्या दिवसाची तारीख घालते आणि नंतर ती बदलून मिळणे कठीण असते.

आता फेरीचा दर. तुलना फलकावरच्या दराशी करून उपयोग नाही, पास नसता तर तुम्ही प्रत्यक्षात जे भरले असते त्याच्याशी ती करायची असते. आगाऊ रक्कम भरलेल्या कार्डावर सुट्या फेरीला दहा टक्के सूट असेल, तर 36 ला 0.9 ने भागावे लागते आणि वसुली 40व्या फेरीपर्यंत लांबते. शनिवारी सुरू झालेल्या पासाच्या 20 दिवसांत बरोबर 40 फेऱ्या होतात. म्हणजे अर्ज आणि रांग यांच्या बदल्यात हाती काही लागत नाही. सवलतधारकांची फसगत याहून मोठी असते. सवलतीचा पास 24 पूर्ण तिकिटांच्या किमतीत मिळतो म्हणून घाईने अर्ज केला जातो, पण त्याच व्यक्तीला सुटे तिकीटही अर्ध्या दरात मिळत असेल, तर तो पास तिच्यासाठी 48 तिकिटांचा ठरतो आणि 44 फेऱ्यांत तो वसूल होणे शक्यच नाही. पात्रता सिद्ध करण्यासाठी धडपडण्यापूर्वी हीच पात्रता सुट्या तिकिटाला लागू आहे का, हे विचारावे.

पासासोबतचे ओळखपत्र वेगळ्या शुल्काचे असते. ते 6 तिकिटांच्या किमतीचे आणि वर्षभर चालणारे असेल, तर बारा महिने पास काढणाऱ्याला महिन्याला अर्धेच तिकीट जास्त पडते. एकाच महिन्यासाठी पास काढणाऱ्याची वसुली मात्र 36 वरून 42 फेऱ्यांवर जाते. शिवाय सवलतीचा पास अनेकदा घर आणि संस्था या दोन थांब्यांपुरताच असतो, त्यामुळे सुटीच्या दिवसाची भटकंती या हिशेबात धरू नये. सर्व मार्गांवर चालणारा पास असला, तरी तो हातात आहे म्हणून केलेल्या जास्तीच्या फेऱ्या पूर्ण दराने बचतीत मांडणे योग्य नाही. पैसे मोजावे लागले असते तर ज्या अंतराला तुम्ही पायी गेला असता, तेथे वाचलेली रक्कम शून्य आहे.

व्यायामशाळेच्या आणि वाहनतळाच्या पासालाही हीच रीत लागू पडते. वाहनतळाच्या बाबतीत एक गोष्ट अधिक विचारावी: पासामुळे जागा राखीव मिळते की फक्त आत जाण्याचा हक्क मिळतो. जागा नसल्याने ज्या दिवशी दुसरीकडे पैसे भरून वाहन लावावे लागले, तो दिवस पासाच्या दिवसांतून वजा होतो.

शेवटी परताव्याचा नियम, जो पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असतो. महिन्याच्या मध्यावर पास परत केला की निम्मी रक्कम मिळेल, ही समजूत सर्रास आढळते. पण सरलेल्या प्रत्येक दिवसाला दोन सुटी तिकिटे, सुटीचे दिवसही धरून, आणि वर प्रक्रियाशुल्क कापण्याचा नियम असेल, तर 36 तिकिटांच्या पासावर 2 तिकिटांचे शुल्क धरता 10व्या दिवसाअखेर 14 तिकिटांची रक्कम परत मिळते, 15व्या दिवसाअखेर 4 तिकिटांची, आणि 17व्या दिवसानंतर अर्ज करण्यात काही अर्थ उरत नाही. परताव्यासाठी मूळ पावती लागते. ती हरवल्यास पासाची दुय्यम प्रत मिळू शकते, पण पैसे परत मिळत नाहीत, म्हणून पावती पासाच्या पाकिटात न ठेवता वेगळी ठेवावी.