सळईची मूठ गुळगुळीत का झाली?

गळीत हंगामात सांगली जिल्ह्यातले साखर कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात. उसाचा रस काढून उरलेला चोथा, म्हणजे बगॅस, पट्ट्यावरून बॉयलरकडे जातो. पट्टा थांबला की बॉयलरचं जळण तुटतं, वाफेचा दाब उतरतो आणि थोड्याच वेळात मिल मंदावते. म्हणूनच हा पट्टा बंद करायला कुणी सहजासहजी तयार नसतं. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी सुरक्षा राऊंडला कुठे जावं असं विचारलं, तर याच पट्ट्याच्या शेपटाकडच्या ड्रमपाशी, म्हणजे परतीचा पट्टा जिथे पुन्हा वळतो तिथे, आणि तेही रात्री बारा ते आठच्या पाळीत.

तिथला धोका असा. बगॅसमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं, त्यामुळे तो पट्ट्याला चिकटतो. परतीच्या बाजूने येताना तो ड्रमवर थापला जातो आणि त्याचा थर वाढला की पट्टा एका बाजूला सरकू लागतो. मग कुणीतरी सळईने तो खरवडतो. पट्टा आणि ड्रम जिथे एकत्र येतात तिथे चिमटा तयार होतो. पट्ट्याचा वेग सेकंदाला दीड मीटर धरा. काहीतरी ओढलं जातंय हे कळून हात सोडायला अर्धा सेकंद लागतो असं मानलं, तर तेवढ्यात पट्टा ७५ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. खांद्यापासून बोटांपर्यंतचा हातही साधारण तेवढाच भरतो. इथे चपळाई कामाला येत नाही.

आता राऊंडचं बघू. आठ जणांचा घोळका, पुढे सुरक्षा अधिकारी आणि मागे सुपरवायझर असा लवाजमा निघाला, की तो पोहोचण्याआधीच ड्रमवरचं संरक्षक झाकण, म्हणजे गार्ड, जागेवर बसतं आणि सळई भिंतीआड जाते. यात कामगारांचा दोष नाही. कुणी बघत असलं की आपण सगळेच वेगळं वागतो. म्हणून दोघांनीच जावं, आपण कोण आणि कशासाठी आलो ते आधी सांगावं, आणि एकाच कामापाशी किमान वीस मिनिटं थांबावं. लपून पाहू नये. तसं एकदा झालं की पुढच्या राऊंडला कुणी तोंड उघडत नाही.

वागणूक बदलली तरी वस्तूंवरच्या खुणा तशाच राहतात. गार्डचे चार बोल्ट पाहा. तीन नाहीत आणि चौथ्याचे आटे घासून चकचकीत झालेत, याचा अर्थ गार्ड रोज निघतो. सळई हातात घ्या. टोक वाकलेलं असेल आणि मूठ धरून धरून गुळगुळीत झाली असेल, तर ती हंगामभर वापरात आहे. ड्रमजवळ उभं राहायला कुणी पालथा डबा ठेवला असेल, तर माणूस कुठे वाकतो तेही कळतं.

मग बोलणं. चालत्या मशीनपाशी असलेल्या माणसाला हाक मारून लक्ष विचलित करू नका. तो बाजूला येईपर्यंत थांबा. त्याच्या सुपरवायझरलाही थोडं लांब राहायला सांगा. हंगामी किंवा ठेकेदाराकडचा माणूस असेल, तर पुढच्या हंगामाला बोलावतील की नाही ही धास्ती त्याच्या मनात असतेच. ‘सगळं ठीक आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो साहेब’ याशिवाय उत्तर येत नाही. त्यापेक्षा असं विचारा: ‘दादा, ड्रमवर बगॅस चढला की काय काय करता, पहिल्यापासून सांगा.’ ‘एका पाळीत किती वेळा?’ ‘पट्टा बंद करायचा म्हटलं तर कुणाला सांगावं लागतं?’ आणि मग गप्प राहा. पहिलं उत्तर बहुधा नियमाचं असतं. खरं उत्तर दोन-चार क्षणांच्या शांततेनंतर येतं.

समजा, उत्तर असं आलं: ‘पाळीत तीनदा तरी चढतो. बंद करायचं तर इलेक्ट्रिशियनला बोलवायचं, तो रात्री एकटाच, दुसऱ्या टोकाला. वीज तोडून स्विचला कुलूप लावून काढेपर्यंत पाऊण तास जातो. आणि गार्ड बंद पत्र्याचा आहे, आत बगॅस ठासतो, म्हणून काढून ठेवतो.’ संबंध राऊंडचं सार या चार वाक्यांत आलं. पट्ट्याकडेची दोरी ओढली तर पट्टा थांबतो, पण कुणीही तो पुन्हा चालू करू शकतो; शिवाय चढावरचा भरलेला पट्टा मागेही घसरू शकतो. म्हणून दोरी ओढणं म्हणजे वीज तोडून कुलूप लावणं नव्हे.

गार्ड काढलेला आणि माणूस सळई घेऊन ड्रमपाशी, असं प्रत्यक्ष दिसलं, तर वही काढायच्या आधी पट्टा थांबवायचा. तो थांबवण्याची जबाबदारी तिथे हजर असलेल्या वरिष्ठाची, आणि तसं त्याने सगळ्यांसमोर सांगावं.

नोंदीत बहुतेक राऊंड वाया जातात. ‘गार्ड नव्हता, कामगारास समज दिली.’ ही नोंद निरुपयोगी आहे, कारण पाऊण तासाची अडचण तिच्यात कुठेच नाही. तीच नोंद अशी हवी: ‘रात्री २.१०, बगॅस पट्टा, शेपटाचा ड्रम. गार्ड काढलेला, चारपैकी तीन बोल्ट नाहीत, साफसफाईची सळई जागेवर. कामगारांचं म्हणणं: पाळीत तीनदा बगॅस चढतो, वीज तोडायला पाऊण तास. धोका: चिमट्यात हात. तत्काळ: पट्टा थांबवला, कुलूप लावून साफ केला, गार्ड बसवला.’ कामगाराचं नाव लिहू नये. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं लिहावं.

त्याखाली उपाय, प्रत्येकासमोर एका माणसाचं पद आणि तारीख. इथे तीन उपाय निघतात. पहिला, परतीच्या पट्ट्यावर ड्रमच्या आधी व्ही आकाराचा स्क्रेपर, म्हणजे बगॅस ड्रमपर्यंत पोहोचणंच कमी होईल. दुसरा, ड्रमजवळच कुलूप लावता येईल असा स्विच, म्हणजे प्रशिक्षित कामगार स्वतःचं कुलूप लावून चावी खिशात ठेवू शकेल. तिसरा, पत्र्याऐवजी जाळीचा गार्ड, ज्यातून बगॅस खाली पडेल. जाळीचं भोक आणि अंतर यांचं गणित मात्र पाळावं लागतं: आयएसओ १३८५७ या मानकाप्रमाणे चौकोनी भोक २० ते ३० मिलिमीटर असेल, तर जाळी चिमट्यापासून किमान १२० मिलिमीटर लांब हवी, नाहीतर बोटं आत पोहोचतात. समज देण्यापेक्षा या तिन्हींना खर्च आणि वेळ जास्त लागतो, म्हणूनच ते वरिष्ठाच्या राऊंडमधून निघायला हवेत.

‘महिन्याला दहा निरीक्षणं’ असं लक्ष्य दिलं की हेल्मेट नाही, जमिनीवर तेल सांडलंय अशा पटकन दिसणाऱ्या नोंदी भरतात. याचं सगळ्यात जड उदाहरण मेक्सिकोच्या आखातातलं आहे. २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगवर दोन कंपन्यांचे चार वरिष्ठ अधिकारी पाहणीला आले होते. सात वर्षं कामाचा दिवस बुडवणारा अपघात झाला नाही, याचं कौतुकही त्यांना करायचं होतं. त्यांचं लक्ष घसरणं-पडणं अशा गोष्टींवर होतं. विहिरीच्या दाबाच्या चाचणीचे आकडे जुळत नसल्याची चर्चा सुरू असताना ते नियंत्रण कक्षात येऊन गेले, पण त्या आकड्यांच्या मुळाशी कुणी गेलं नाही. त्याच रात्री स्फोट झाला आणि ११ जणांचा जीव गेला. साखर कारखान्यात त्या चाचणीची जागा बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह घेतो, किंवा मळीच्या टाकीत उतरण्याआधीची हवेची तपासणी. राऊंडला निघण्याआधीच अशी एक गोष्ट ठरवून जावी.

नोंद कधी मिटवायची? गार्ड बसवल्याचा फोटो आला म्हणून नव्हे. पंधरा दिवसांनी, पुन्हा रात्रपाळीत, त्याच ड्रमपाशी जाऊन पाहायचं. चारही बोल्टांवर बगॅसची धूळ न मोडता बसलेली असेल, स्विचला कुलूप लावल्याच्या खुणा असतील आणि पाळीत किती वेळा साफ करावं लागलं याचा आकडा उतरला असेल, तर मिटवा. भिंतीआड सळई सापडली आणि मूठ अजून गुळगुळीतच असेल, तर नोंद उघडीच ठेवायची आणि कामगाराला पुन्हा विचारायचं की अडचण कुठे राहिली.