नात्यात लग्न झालंय, आता बाळाचा विचार आहे: समुपदेशनाच्या बैठकीत काय होतं

आमच्याकडे येणारी जोडपी बसल्या बसल्या विचारतात, "आम्ही आतेभाऊ-मामेबहीण आहोत. बाळ नीट होईल ना?" काहींना कुणीतरी पार घाबरवून सोडलेलं असतं. काहींना "काही होत नाही, उगाच शंका काढू नका" असं सांगून गप्प केलेलं असतं. ही दोन्ही उत्तरं नातं तेवढं बघून दिलेली असतात. खरं उत्तर तुमच्या दोघांच्या घरात आजवर कोण कोण जन्मलं, कोण आजारी पडलं आणि कोण गेलं यावर ठरतं. ते कसं काढतात, हे या पत्रकात सांगितलं आहे.

आधी मूळ गोष्ट. आपल्या शरीरात जवळजवळ प्रत्येक जनुक दोन प्रतींत असतं, एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून. एका प्रतीत दोष असला तरी बऱ्याच जनुकांच्या बाबतीत दुसरी प्रत काम निभावून नेते आणि माणूस ठणठणीत राहतो. अशा माणसाला त्या आजाराचा वाहक म्हणतात. तुम्ही, आम्ही, रस्त्यावरून जाणारा कुणीही, प्रत्येक जण कसल्या ना कसल्या दोषाचा वाहक असतोच, फक्त ते कळत नाही. अडचण येते ती आई आणि वडील दोघंही एकाच जनुकातल्या दोषाचे वाहक असतील तेव्हा. मग प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता 4 मध्ये 1 असते.

परक्या माणसांत हा योग क्वचित जुळून येतो. नात्यातल्यांमध्ये तो जास्त वेळा येतो, कारण आजी-आजोबांकडचा तोच दोष दोन्ही वाटांनी खाली उतरलेला असू शकतो. सख्ख्या बहीणभावांची मुलं आपल्या जनुकांपैकी सरासरी एक अष्टमांश वाटा सारखा बाळगतात. मामा-भाचीच्या जोडप्यात हा वाटा एक चतुर्थांश असतो, म्हणून तिथे धोका जास्त. नातं एक पिढी लांबलं, म्हणजे तुमच्या आई किंवा वडिलांचं जोडीदाराच्या आई किंवा वडिलांशी चुलत, मावस, आते किंवा मामे भावंडांचं नातं असेल, तर तो बत्तिसावा भाग उरतो आणि धोका जवळपास परक्या जोडप्याइतकाच होतो.

आकड्यांत सांगायचं तर नात्यात नसलेल्या जोडप्यांच्या 100 बाळांपैकी साधारण 2 ते 3 बाळांना जन्मतः गंभीर दोष किंवा आनुवंशिक आजार असतो. आतेभाऊ-मामेबहिणीसारख्या जोडप्यांत, घरात कुणालाही आनुवंशिक आजार नसेल तर, हा आकडा 4 ते 6 च्या आसपास जातो. तो जवळजवळ दुप्पट होतो, हे खरं आहे. 100 पैकी 94 हून अधिक बाळांना असं काही नसतं, हेही तितकंच खरं आहे, आणि आम्ही ही दोन्ही वाक्यं एका दमात सांगतो.

दोन गैरसमज इथेच दूर करतो. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असल्यामुळे हा धोका वाढत नाही, रक्तगटाचा इथे संबंधच नाही. आणि नात्यातल्या लग्नामुळे डाऊन सिंड्रोमचा धोका वाढत नाही. तो मुख्यतः आईच्या वयाबरोबर वाढतो.

वंशवृक्ष

पहिल्या बैठकीचा बराचसा वेळ कागद-पेन्सिलीत जातो. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आकृती भरलेली, वारलेल्यावर तिरकी रेघ, आणि नात्यातल्या लग्नाला दुहेरी रेघ. निदान तीन पिढ्या काढतो. गर्भपात, मृत जन्मलेलं बाळ, तान्हेपणी गेलेलं मूल, ऐकू न येणारा काका, न चालणारी मावसबहीण, सगळं त्यात येतं. ही माहिती बहुधा तरुण जोडप्याकडे नसतेच, ती आजीकडे असते. म्हणून येण्याआधी दोन्हीकडच्या मोठ्यांशी बोलून या, आणि जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, जे काही सापडेल ते घेऊन या.

एक उदाहरण घेऊ. ते समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण असे वंशवृक्ष आमच्या टेबलावर येत असतात. नवऱ्याला एक धाकटी बहीण होती. ती आठ महिन्यांची असताना गेली. घरात सगळे म्हणतात, न्यूमोनिया झाला होता. आम्ही त्याच्या आईला विचारतो, मूल मान धरत होतं का? नाही. पाय हलवायची का? फारसे नाही. रडण्याचा आवाज? बारीक. नजर कशी होती? "नजर एकदम हुशार होती हो, सगळं बघायची." मऊ पडलेलं अंग, कमी होत गेलेली ताकद, क्षीण रडणं आणि तरीही तल्लख नजर, या वर्णनावरून न्यूमोनिया हा शेवटचा घाव असावा आणि मूळ आजार एसएमए असावा, अशी शंका येते. यात मणक्यातल्या, स्नायू हलवणाऱ्या नसपेशी हळूहळू मरतात. तान्हेपणी सुरू होणाऱ्या प्रकारात उपचार नसतील तर मूल बहुतेकदा दोन वर्षांच्या आतच जातं.

बहीण आता नाही, तिची तपासणी होऊ शकत नाही. पण तिचे आई-वडील आहेत. दोघांचं रक्त तपासलं आणि दोघांमध्येही एसएमएन1 या जनुकाची दोनऐवजी एकच प्रत आढळली. शंका पक्की झाली, आणि आता हिशेब मांडता येतो.

हिशेब

दोन वाहकांच्या मुलांच्या चार शक्यता असतात. एक आजारी, दोन वाहक, एक पूर्ण निर्दोष. नवरा धडधाकट आहे, म्हणजे आजारी ही शक्यता गळाली. उरलेल्या तीनपैकी दोन वाहकाच्या आहेत. म्हणून तो वाहक असण्याची शक्यता 2/3.

आता बायको. ती त्याच्या मामाची मुलगी. नवऱ्याची आई नक्की वाहक आहे, म्हणजे तिला तो दोष तिच्या आई किंवा वडिलांकडून आला. तोच दोष तिच्या भावाकडे, म्हणजे मामाकडे, असण्याची शक्यता 1/2. मामाकडून त्याच्या मुलीकडे येण्याची पुन्हा 1/2. म्हणून बायको वाहक असण्याची शक्यता 1/4.

दोघंही वाहक असतील तर बाळ आजारी होण्याची शक्यता 1/4. तिन्हींचा गुणाकार केला, 2/3 × 1/4 × 1/4, की येतं 1/24, म्हणजे 100 मध्ये साधारण 4. हा एकट्या एसएमएचा धोका आहे. याच नवऱ्याची बायको नात्यातली नसती तर? सर्वसाधारण लोकांत एसएमएचे वाहक साधारण 50 मध्ये 1 असतात. मग हिशेब 2/3 × 1/50 × 1/4, म्हणजे 1/300 झाला असता. घरात आजार असताना नातं किती फरक पाडतं, ते या दोन अपूर्णांकांत दिसतं. "नात्यातलं लग्न, 4 ते 6 टक्के" एवढंच सांगून या जोडप्याला घरी पाठवणं म्हणूनच चूक ठरलं असतं.

हा आकडा तपासणीपूर्वीचा आहे. तपासणीनंतर तो एका बाजूला झुकतो. नवऱ्याच्या रक्तात दोन प्रती मिळाल्या तर चिंता बरीचशी तिथेच थांबते. एकच मिळाली तर बायकोची तपासणी करायची. तिच्यातही एकच असेल तर धोका थेट 1/4. तिच्यात दोन असतील तर तो अगदी कमी होतो, पण शून्य होत नाही, कारण काही माणसांमध्ये दोन्ही प्रती एकाच गुणसूत्रावर असतात आणि दुसरं रिकामं असतं. नुसती मोजणी करणाऱ्या चाचणीला ते ओळखता येत नाही. असे बारकावे आम्ही रिपोर्ट हातात देताना सांगतो. "निगेटिव्ह" एवढा एकच शब्द वाचून घरी जाऊ नका.

तपासणी जिथे थांबते

घरात आजार माहीत असेल तर नेमकं तेच जनुक तपासता येतं. काहीच माहीत नसेल तर दोघांची अनेक जनुकांची एकत्रित वाहक तपासणी करता येते. त्यात एकेकट्याच्या दोषांपेक्षा आम्ही हे पाहतो की दोघांचा दोष एकाच जनुकात जुळतो का. जुळला नाही तर धोका कमी होतो. पण यादीत नसलेली जनुकं तशीच राहतात, आणि अजून ज्यांचा अर्थ लागलेला नाही असे बदलही रिपोर्टमध्ये येतात. अशा संदिग्ध बदलाच्या जोरावर गर्भाबद्दल कुठलाही निर्णय घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सोनोग्राफीबद्दलही सांगायला हवं. "सोनोग्राफी नॉर्मल आहे" हे ऐकून जोडपी निश्चिंत होतात. सोनोग्राफीत बाळाची ठेवण दिसते. एसएमए, थॅलेसेमिया, बरेच चयापचयाचे आजार त्यात दिसत नाहीत. आईच्या रक्तातून गर्भाची गुणसूत्रं मोजणारी एनआयपीटी हीसुद्धा नेहमीच्या स्वरूपात या आजारांसाठी नसते.

म्हणून या तपासण्या गरोदरपणाआधी झालेल्या बऱ्या. रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात, आणि दोघंही वाहक निघाले तर विचाराला वेळ हवा. काही जोडपी आयव्हीएफ करून गर्भ आधी तपासून घेतात. काही नैसर्गिकपणे गर्भ राहू देतात आणि 11 ते 13 आठवड्यांत वारेचा नमुना किंवा 15 आठवड्यांनंतर गर्भजल तपासून घेतात. दोन्हींत गर्भपाताचा थोडा धोका असतो. काही जण गर्भाची तपासणी नको म्हणतात, पण बाळ जन्मल्यावर लगेच रक्त तपासायचं ठरवतात. एसएमएला आता औषधं आहेत आणि लक्षणं दिसण्याआधी सुरू केली तर त्यांचा परिणाम कितीतरी चांगला होतो, त्यामुळे हा पर्यायही पोकळ नाही. काय निवडायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. आम्ही कुठल्याही बाजूला ढकलत नाही.

आधीच दिवस गेले असतील तरी या, उशीर झाला म्हणून घरी बसू नका. फोन करताना कितवा आठवडा चालू आहे ते सांगा. त्यानुसार आम्ही लवकरची वेळ देतो आणि दोघांचे नमुने एकाच दिवशी घेतो, एकामागून एक घेण्यात वेळ जातो.

प्रसूतीच्या फाइलवर पहिल्याच पानावर "आई-वडील नात्यातले" असं लिहून घ्या आणि नातं कोणतं तेही लिहा. बाळाची टाचेच्या रक्ताची नवजात तपासणी आणि कानांची तपासणी करून घ्या, कारण जन्मतः ऐकू न येण्याच्या आनुवंशिक कारणांपैकी बरीचशी याच दोन प्रतींच्या प्रकारातली असतात. आणि बाळ पहिल्या काही दिवसांत दूध ओढेनासं झालं, उठवूनही उठेना, सारखं ओकू लागलं किंवा धाप लागल्यासारखा श्वास घेऊ लागलं, तर वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना हे नातं तोंडाने सांगा. त्या एका वाक्यामुळे डॉक्टर जंतुसंसर्गाबरोबर रक्तातली साखर, अमोनिया आणि आम्लताही त्याच वेळी तपासायला पाठवतात.