थीसिस स्टेटमेंट आणि टॉपिक सेंटेन्स: निबंधाचा युक्तिवाद कुठे सुटतो?

विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना एक घोटाळा मला सारखा दिसतो. थीसिस स्टेटमेंट, म्हणजे अख्ख्या निबंधाचं मुख्य विधान, आणि टॉपिक सेंटेन्स, म्हणजे एका परिच्छेदाचं मुख्य वाक्य, ही दोन्ही ‘सुरुवातीला येणारी महत्त्वाची वाक्यं’ म्हणून एकाच पोत्यात भरली जातात. त्यांची कामं मात्र वेगळी आहेत. थीसिस वाचकाला मान्य करायला लावायचं असतं, आणि ते मान्य करण्याचं एकेक कारण टॉपिक सेंटेन्स पुरवतं. या दोघांत ‘कारण’ हा शब्द घालून वाचलं की नातं जुळतंय की नाही ते लगेच कळतं.

एक नमुना घेऊ. विषय आहे किशोरवयीन मुलांच्या शाळेची वेळ. पहिल्या खर्ड्यातलं थीसिस असं: ‘शाळा उशिरा सुरू करण्याचे फायदेही आहेत आणि तोटेही.’ याला कोण नाही म्हणेल? वाद घालायला जागाच नाही, त्यामुळे पुढे कुठलाही परिच्छेद चालून जातो. दुसऱ्या खर्ड्यात ते असं झालं: ‘किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, म्हणून मुलांना लवकर झोपायला सांगून भागणार नाही; शाळेची वेळच पुढे न्यायला हवी.’ आता बाजू ठरली.

पण बहुतेक जण इथेच थांबतात. थीसिस बदलतं आणि खालचे परिच्छेद जुन्या थीसिससाठी लिहिलेले तसेच राहतात. म्हणून मी एका कोऱ्या कागदावर थीसिस आणि त्याखाली फक्त प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य उतरवून काढायला लावते. बाकी मजकूर झाकायचा. या निबंधात कागदावर आलेली तीन वाक्यं पाहा.

पहिलं: ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी सुरू करू नयेत अशी शिफारस केली.’ ही माहिती खरी आहे, पण हा पुरावा आहे. पुराव्याला मुद्द्याच्या जागी बसवलं की तो कशाचा पुरावा, हे वाचकाला स्वतःच शोधावं लागतं. मुद्दा होता त्याच परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत: झोप आणणारं मेलाटोनिन या वयात रात्री उशिरा स्रवू लागतं. असं फार वेळा होतं, कारण लिहिता लिहिता आपल्याला काय म्हणायचंय ते परिच्छेद संपताना उमगतं. ती ओळ उचलून वर आणली: ‘लवकर अंथरुणावर पडलं तरी मुलांना लवकर झोप लागत नाही, कारण मेलाटोनिनच उशिरा स्रवतं.’ शिफारस खाली पुरावा म्हणून गेली.

दुसरं वाक्य जास्त अवघड: ‘मोबाइलमुळे मुलं रात्री जागी राहतात.’ विषयाला धरून आहे, म्हणून नजरेतून सुटतं. थीसिसशी ‘कारण’ने जोडून पाहा: शाळेची वेळ पुढे न्यायला हवी, कारण मुलं मोबाइल पाहत जागतात? मग मोबाइल काढून घ्या, शाळेला का हात लावता? हा परिच्छेद थीसिसच्या विरुद्ध साक्ष देतोय. इथे नुसतं ‘शिवाय’ किंवा ‘त्याचप्रमाणे’ जोडून चालत नाही. शब्द जुळतात, तर्क तुटलेलाच राहतो. परिच्छेद काढून टाकता येईल. पण मोबाइलचा परिणाम खरा आहे, तो लपवणं मला प्रामाणिक वाटत नाही. त्यापेक्षा वाक्य असं करावं: ‘मोबाइलने जागरण वाढतं हे खरं, पण तो बाजूला ठेवला तरी वयामुळे पुढे सरकलेलं घड्याळ मागे येत नाही.’ यानंतर थीसिसकडेही परत यावं लागतं. ‘लवकर झोपायला सांगून भागणार नाही’च्या जागी ‘केवळ लवकर झोपायला सांगून किंवा मोबाइल काढून घेऊन भागणार नाही’ असं लिहिलं. परिच्छेदाने थीसिसला दुरुस्त केलं, आणि माझ्या मते फेरलेखनातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

तिसरं: ‘वेळ बदलल्यास बसच्या फेऱ्यांची अडचण होते.’ हा विरोधी मुद्दा आहे आणि तो हवाच, पण उत्तराशिवाय उभा केला तर वाचक तिथूनच उलट दिशेला जातो. ‘बसचं वेळापत्रक नव्याने बसवणं अवघड असलं तरी ते एकदाच करायचं काम आहे, अपुरी झोप मात्र मुलांना रोज सोसावी लागते.’ आता परिच्छेदात वेळापत्रकाच्या अडचणी सविस्तर लिहायला हरकत नाही.

एक उलटी चूकही होते. ‘कारण’ची कसोटी कळली की काही जण प्रत्येक परिच्छेदाच्या माथ्यावर थीसिसच थोडे शब्द बदलून लिहितात. ते ओळखायला दोन टॉपिक सेंटेन्सची अदलाबदल करून पाहा. खालच्या मजकुराला काहीच फरक पडत नसेल, तर त्या वाक्यांत त्या परिच्छेदाचं स्वतःचं कारण नाही.