राउटरच्या नोंदवहीत कोण लिहितं?

एका मित्राच्या घरी दोन एक्सबॉक्स आहेत, मुलाचा एक आणि मुलीचा एक. दोन्ही नीट चालत होते. मित्राच्या वाचनात आलं होतं की यूपीएनपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना राउटरमध्ये स्वतःसाठी वाट उघडून घेऊ देणारी सोय, धोक्याचं असतं, म्हणून ते बंद करून द्यायला त्याने मला बोलावलं. मी म्हटलं, बंद करूच, पण आजवर त्याने काय काय करून ठेवलंय ते आधी बघू. राउटरच्या सेटिंगमध्ये यूपीएनपीने उघडलेल्या पोर्टांचा, म्हणजे बाहेरून आत यायच्या क्रमांकित दारांचा, तक्ता असतो. तो उघडला तर त्यात चार ओळी होत्या.

```
UDP   3074 -> 192.168.1.50:3074
UDP  53211 -> 192.168.1.51:53211
TCP    554 -> 192.168.1.23:554
TCP   8000 -> 192.168.1.23:8000
```

पहिल्या दोन ओळी मुलांच्या कन्सोलच्या. मग हा `.23` कोण? शोधल्यावर कळलं की तो कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे. बसवला त्या दिवशी त्याने परस्पर राउटरला सांगून स्वतःसाठी दोन पोर्ट उघडून घेतले होते. मित्र फोनवर कॅमेरे बघायचा ते कंपनीच्या ॲपमधून, आणि त्या ॲपला हे पोर्ट लागतही नव्हते. तरीही घराबाहेरच्या कुणालाही रेकॉर्डरच्या लॉगिनपर्यंत थेट पोहोचता येत होतं. पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता.

हे कसं घडतं ते कळायला आधी राउटर काय करतो ते बघावं लागेल. घरातल्या सगळ्या उपकरणांना मिळून बाहेरचा पत्ता एकच असतो. आतलं उपकरण बाहेर काही पाठवतं, तेव्हा राउटर एका तक्त्यात टिपून ठेवतो की अमुक पोर्टवर उत्तर आलं की ते तमुक उपकरणाला द्यायचं. याला नॅट म्हणतात. बाहेरून आलेल्या ज्या पॅकेटची, म्हणजे माहितीच्या तुकड्याची, अशी नोंद नसते, ते कुणाचं हे राउटरला ठरवता येत नाही आणि तो ते टाकून देतो.

संकेतस्थळं बघताना यात अडचण नसते, कारण सुरुवात नेहमी आपणच करतो. खेळात मात्र कधी कधी एका खेळाडूचा कन्सोल यजमान होतो आणि बाकीचे त्याला येऊन जोडले जातात. ग्रुपमधला आवाजही बऱ्याचदा एका कन्सोलवरून थेट दुसऱ्यावर जातो. अशा वेळी पहिलं पॅकेट बाहेरून येतं आणि तक्त्यात त्याची नोंद नसते. दोन्ही बाजूंचे राउटर कडक असतील तर जोडणी होतच नाही. कन्सोल हीच स्थिती Open, Moderate, Strict अशा शब्दांत दाखवतो. प्लेस्टेशनवर तिथे Type 1, 2, 3 दिसतं, आणि तिथे घरच्या राउटरमागे Type 2 दिसणं अगदी ठीक आहे. ते Type 1 करण्यासाठी रात्र जागवणारे लोक मी पाहिले आहेत.

म्हणजे तक्त्यात एक कायमची ओळ हवी: 3074 वर जे येईल ते या कन्सोलला द्या. प्रश्न एवढाच की ती ओळ लिहायची कुणी.

यूपीएनपीत ती कन्सोल स्वतः लिहून घेतो. तो आधी 239.255.255.250 या ठरलेल्या पत्त्यावर, 1900 या पोर्टवर, घरभर ऐकू जाईल अशी हाक देतो की इथे राउटर कोण आहे. राउटर उत्तर देतो आणि आपल्याला सूचना कुठे पाठवायच्या ते कळवतो. मग कन्सोल `AddPortMapping` नावाची सूचना पाठवतो. तिच्यात बाहेरचा पोर्ट, आतला पत्ता, आतला पोर्ट आणि ही नोंद किती सेकंद ठेवायची एवढं असतं. झालं. दोन मुलांनी एकच पोर्ट मागितला तर दुसऱ्याला 718 क्रमांकाची चूक परत येते, आणि शहाणा कन्सोल दुसरा पोर्ट मागतो. मित्राच्या तक्त्यातला 53211 तसाच आला होता. घरात कुणालाही काही कळलं नाही, आणि यूपीएनपीची सोय म्हणतात ती हीच.

आता त्या सूचनेत काय नाही ते बघा. पासवर्ड नाही. मागणारा कोण आहे याची चौकशी नाही. शेकडो राउटरांत ही व्यवस्था ज्या मूळ रूपात आली, त्यात आतला पत्ता स्वतःचाच असला पाहिजे अशीही सक्ती नव्हती. एक उपकरण दुसऱ्याच्या नावाने दार उघडून घेऊ शकत होतं. मुदतीच्या जागी शून्य लिहिलं तर नोंद कुणी काढेपर्यंत राहते. थोडक्यात, जो घरात आहे तो विश्वासाचा, असं राउटर गृहीत धरतो.

हे गृहीतक किती तकलादू आहे ते २००८ मध्ये दिसलं. नुसतं एक वेबपान उघडल्यावर त्यातली फ्लॅश फाइल राउटरला यूपीएनपीची सूचना पाठवू शकते, हे सुरक्षा अभ्यासकांनी दाखवून दिलं. राउटरच्या दृष्टीने ती सूचना घरातल्या संगणकाकडूनच आली होती, आणि ते खोटंही नव्हतं. त्याच वर्षी पसरलेला कॉन्फिकर हा किडाही लागण झालेल्या संगणकासाठी यूपीएनपीनेच राउटरमध्ये वाट करून घेत होता. फ्लॅश आता इतिहासजमा झालं आहे, पण घरातलं एखादं स्वस्त उपकरण बिघडवून तेच काम आजही करता येतं.

दुसरा दोष यूपीएनपीच्या रचनेतला नाही, ते राउटरमध्ये घालणाऱ्यांच्या निष्काळजीपणातला आहे. ही हाक फक्त घरातून ऐकायची असते. पण रॅपिड७ या कंपनीने २०१३ मध्ये इंटरनेटभर हाक देऊन पाहिली, तर ८ कोटींहून जास्त पत्त्यांवरून उत्तर आलं. त्यांतली बरीच उपकरणं फक्त उत्तर देऊन थांबणारी होती, पण काही बाहेरून आलेल्या सूचनाही मुकाट पाळत होती. २०१८ मध्ये अकामाई या कंपनीला ४५ हजारांवर राउटरांच्या तक्त्यांत परक्यांनी घातलेल्या ओळी सापडल्या. त्या ओळी घरातल्या संगणकांच्या 139 आणि 445 या पोर्टांकडे वळवलेल्या होत्या, म्हणजे विंडोज फाइली वाटून घ्यायला वापरतं त्या पोर्टांकडे.

आता हाताने पोर्ट फॉरवर्ड करण्याकडे, म्हणजे ती ओळ आपणच राउटरमध्ये लिहिण्याकडे, येऊ. इथे एक गैरसमज फार पक्का आहे. हाताने केलं म्हणजे पोर्ट जास्त सुरक्षित होतो, असं नाही. कन्सोलचा 3074 दोन्ही प्रकारांत सारखाच उघडा असतो; उलट हाताने लिहिलेली ओळ कन्सोल बंद असतानाही तशीच राहते. बदलतं ते एवढंच की तक्त्यात लिहिण्याचा अधिकार राउटरचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतो. मित्राच्या घरी धोका मुलांच्या दोन ओळींचा नव्हता, पुढच्या दोन ओळींचा होता, आणि त्या लिहिण्याची सोय बंद करायला यूपीएनपी बंद करावं लागलं.

पहिलं काम पत्त्याचं. राउटर आतले पत्ते वाटतो आणि बदलतोही. आज `.50` असलेला कन्सोल उद्या `.57` झाला, तर ओळ रिकाम्या जागी जाते, किंवा `.50` मिळालेल्या दुसऱ्याच उपकरणाकडे. म्हणून राउटरच्या पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सेटिंगमध्ये कन्सोलच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाशी, एक आयपी पत्ता बांधून टाकायचा. ही पायरी गाळली की फॉरवर्डिंग आठवडाभर छान चालतं आणि मग गूढरीत्या बंद पडतं.

मग मुलाच्या कन्सोलसाठी नियम लिहिला: यूडीपी, बाहेर 3074, आत `192.168.1.50`, पोर्ट 3074. तोच नियम मुलीच्या `.51` साठी लिहायला गेलो तर राउटरने नकार दिला. बरोबरच आहे, बाहेरून 3074 वर आलेलं एकच पॅकेट दोन घरी कसं द्यायचं? काही राउटर नकार देत नाहीत, दोन्ही नियम ठेवतात आणि पाळतात एकच. तेव्हा एकाचं Open आणि दुसऱ्याचं Strict असं दिसतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. एक्सबॉक्समध्ये यावर उपाय आहे. Network settings, त्यात Advanced settings, त्यात Alternate port selection. तिथे दिलेल्या यादीतला एक पोर्ट मुलीच्या कन्सोलसाठी निवडला आणि राउटरमध्ये त्याच पोर्टचा नियम `.51` साठी लिहिला. दोन्ही कन्सोल पूर्ण बंद करून परत सुरू केले, कारण नुसते झोपवलेले कन्सोल जुनीच स्थिती धरून बसतात. चाचणीत दोघांचं Open आलं.

एक-दोन कन्सोल असतील, पोर्ट ठरलेले असतील आणि घरात कॅमेरे, दिवे, टीव्ही अशी भरपूर उपकरणं असतील, तर मी हाच मार्ग घेईन. निन्टेंडो स्विच असेल तर मात्र थांबेन. त्याचा पोर्ट ठरलेला नसतो, म्हणून त्याच्यासाठी 1024 पासून 65535 पर्यंत सगळे यूडीपी पोर्ट वळवण्याचा सल्ला दिला जातो. म्हणजे एका उपकरणासाठी जवळजवळ अख्खी भिंतच काढून टाकायची, आणि दुसरा कन्सोल आला की त्याला पोर्टच उरत नाहीत. अशा घरात यूपीएनपी चालू ठेवून त्याच्यावर लगाम घालणं बरं. मिनीयूपीएनपीडी हा प्रोग्राम वापरणाऱ्या राउटरांत, उदाहरणार्थ ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या प्रणालीवर, फक्त ठरावीक पत्त्यालाच मागणी करू देता येते:

```
allow 1024-65535 192.168.1.52/32 1024-65535
deny 0-65535 0.0.0.0/0 0-65535
```

इथे `.52` हा स्विच. त्याला हवं ते मिळतं आणि रेकॉर्डरने कितीही मागितलं तरी नकार येतो.

पण हे सगळं करण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. एक, गरज आहे का. खेळ कंपनीच्या सर्व्हरवर चालत असेल आणि आवाजही नीट येत असेल, तर Moderate ला हात लावायचं कारण नाही. पोर्ट उघडल्याने पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, कमी होत नाही. दोन, राउटरच्या पानावर बाहेरचा म्हणजे वॅन पत्ता बघावा. तो 100.64 ते 100.127 यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट देणाऱ्या कंपनीने तिच्याकडेही आणखी एक नॅट लावलेलं आहे. तो 192.168 ने सुरू होत असेल, तर बहुधा घरातच दोन राउटर एकामागे एक लागले आहेत. आपण आपल्या राउटरमध्ये कितीही ओळी लिहिल्या, तरी बाहेरून आलेलं पॅकेट त्याआधीच्याच दारावर अडतं. घरातल्या दोन राउटरांपैकी एकाचं नॅट बंद करून त्याला ब्रिज मोडमध्ये टाकता येतं. कंपनीकडच्या नॅटसाठी मात्र तिच्याकडे सार्वजनिक पत्ता मागावा लागतो.

मित्राच्या घरी या दोन्ही अडचणी नव्हत्या. तरी दोन आठवड्यांनी त्याचा फोन आला: मुलीचं Open, मुलाचं परत Moderate. मुलाने कन्सोल दुसऱ्या खोलीत नेला होता. तिथे केबल पोहोचत नसल्याने तो वाय-फायवर होता, आणि वाय-फायचा मॅक पत्ता केबलच्या मॅकहून वेगळा असतो. राउटरसाठी तो नवीनच पाहुणा होता, त्याला `.64` मिळाला होता, आणि 3074 ची ओळ अजून `.50` चीच वाट बघत होती.