लाइट रोस्टचा एस्प्रेसो आंबट का होतो?

एस्प्रेसो आंबट लागला की बिया खराब असाव्यात, असा समज होतो. बहुतेकदा बिया उत्तम असतात, पण त्यांतलं बरंचसं कपात उतरलेलंच नसतं.

पाण्यात सगळं एकाच वेगाने विरघळत नाही. फळांसारखी आम्लं चटकन सुटतात. गोडवा आणि किंचित कडवटपणा देणारे मोठे रेणू मागून येतात. डार्क रोस्टची बी जास्त भाजल्याने फुगून सच्छिद्र, ठिसूळ होते, म्हणून पाणी कणाच्या आतपर्यंत लवकर पोचतं. लाइट रोस्टची बी भाजताना पहिल्यांदा तडतडली की लगेच उतरवतात. ती घट्ट राहते, तिच्यात आम्लंही जास्त उरतात. एस्प्रेसोत पाणी थोडं आणि वेळ जेमतेम अर्धा मिनिट. साखर विरघळण्याआधीच घोट घेतलेल्या लिंबू सरबतासारखी गत होते.

इथिओपियाच्या यिर्गाचेफची लाइट रोस्ट कॉफी घ्या. १८ ग्रॅम पूड, ९२ अंशांचं पाणी, २८ सेकंदांत ३६ ग्रॅम पेय, म्हणजे १:२. त्यात ९ टक्के विद्राव्य असेल, तर ३.२४ ग्रॅम उतरलं, पुडीच्या १८ टक्के. घोट टोचरा, किंचित खारट, आणि चव लगेच विरणारी.

आधी पाणी ९५-९६ अंशांवर न्या. उष्णतेने विरघळणं आणि कणातून बाहेर झिरपणं, दोन्ही वेगावतात. पूड भरायची दांडीवाली चाळणी, म्हणजे पोर्टाफिल्टर, थंड असेल तर ही वाढ तिथेच वाया जाते, म्हणून तोही आधी तापवा. मग पेय वाढवा. पूड १७ ग्रॅम, पेय ५१ ग्रॅम, म्हणजे १:३. त्यात ७ टक्के विद्राव्य असलं तरी ३.५७ ग्रॅम उतरतं, म्हणजे २१ टक्के. पेय थोडं पातळ होतं, पण आंबटपणाला गोडव्याची जोड मिळते.

पूड कमी का करायची? थर पातळ झाला की पाण्याला अडथळा कमी होतो, त्यामुळे शॉट न तुंबता दळण बारीक करता येतं आणि प्रत्येक ग्रॅमच्या वाट्याला पाणीही जास्त येतं. नुसतंच बारीक दळत गेलात तर थर काही जागी तुंबतो आणि पाणी फटींतून पळतं. फटींजवळची पूड प्रमाणाबाहेर उतरते, बाकीची जवळपास तशीच राहते. चव एकाच वेळी आंबट आणि कडू लागली, तळ उघडा असलेल्या पोर्टाफिल्टरमधून बारीक पिचकाऱ्या उडाल्या, तर हेच झालंय. तेव्हा दळण थोडं जाडच करावं.

यंत्राच्या खोक्यावरच्या '२० बार'ला भुलू नका. तो पंपाचा कमाल दाब असतो. एस्प्रेसोला ९ बार पुरतो, आणि जास्त दाबाने आंबटपणा जात नाही.

हे सगळं करूनही चव गवतासारखी, कच्च्या शेंगदाण्यासारखी राहिली, तर बी आतून नीट भाजलेलीच नाही. त्यावर यंत्रापाशी उपाय नाही, भाजणाराच बदलावा लागतो.