इर्विनला किती फूट? – एका छोट्या प्रोग्रॅमची रीडमी

पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न हाच असतो, ‘इर्विनला किती फूट?’ कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 वर गेलं की धोका पातळी. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. माझा भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने यावरच पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. रोजच्या पातळीची फाईल दिली की तो आलेख काढतो आणि या दोन रेषांच्या वर पाणी किती दिवस होतं ते मोजतो. काम नेटकं होतं. त्याने ते गिटहबवर टाकलं आणि मला लिंक पाठवली.

फाईलींच्या यादीखाली गिटहब `README.md` आपोआप दाखवतं. पाहुणा वाचतो ती पहिली गोष्ट हीच. भाच्याची रीडमी अशी होती: ‘माझा पहिला प्रोजेक्ट. पायथन वापरलं आहे. कोड रन करा.’ या तीन वाक्यांत नदी नाही, पूल नाही, फूटही नाहीत. अनोळखी माणसाला यातून एवढंच कळतं की कुणीतरी काहीतरी केलंय.

त्याला मी एकच विचारलं, ‘तुझ्या प्रोग्रॅमच्या पोटात काय जातं आणि बाहेर काय येतं?’ त्याचं तोंडी उत्तर अगदी स्पष्ट होतं. मग तेच वाक्य जसंच्या तसं वर आणलं. कोणती भाषा वापरली, किती दिवस लागले, हे त्या पहिल्या वाक्यात कुणाला नको असतं. त्याखाली आलेखाचं चित्र, मग चालवायची रीत, आणि त्याच्याखाली चालवल्यावर पडद्यावर काय दिसेल ते:

````
# कृष्णेची पातळी

इर्विन पुलावरच्या पातळीची फाईल दिली की हा प्रोग्रॅम
आलेख काढतो आणि पाणी 40 व 45 फुटांच्या वर किती
दिवस होतं ते सांगतो.

![पातळीचा आलेख](alekh.png)

## चालवायचं कसं

```
python -m pip install matplotlib
python patali.py namuna.csv
```

असं दिसलं पाहिजे:

```
40 फुटांच्या वर: 4 दिवस
45 फुटांच्या वर: 1 दिवस
```
````

शेवटचा भाग बहुतेक नवखे गाळतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात कामाचा. अपेक्षित उत्तर समोर नसेल तर प्रोग्रॅम नीट चालला की नुसताच गप्प बसला, हे पाहुण्याला ठरवता येत नाही.

चालवायच्या आज्ञा लिहिताना भाचा म्हणाला, ‘मामा, माझ्याकडे तर चालतंय.’ चालणारच. त्याच्या लॅपटॉपवर आलेख काढणारी `matplotlib` सहा महिन्यांपूर्वीच बसवलेली होती आणि त्याला ते आठवतही नव्हतं. म्हणून रीडमी तपासायची ती कोऱ्या जागी. गिटहबवरून सगळं नव्या फोल्डरमध्ये उतरवून घ्यायचं आणि तिथे पायथनचं वेगळं, रिकामं घर करायचं. विंडोजवर ते असं:

```
python -m venv kora
kora\Scripts\python patali.py namuna.csv
```

पहिल्याच फटक्यात `ModuleNotFoundError: No module named 'matplotlib'` आलं. रीडमीतली `pip` ची ओळ त्यानंतर आली. ती बसवल्यावर दुसरी चूक वर आली. कोडमध्ये फाईलचा पत्ता `C:\Users` पासून त्याच्या डेस्कटॉपपर्यंत लिहिलेला होता, म्हणजे आज्ञेत दिलेल्या `namuna.csv` कडे प्रोग्रॅम बघतच नव्हता. आणि चित्र? त्याच्याकडे दिसत होतं, गिटहबवर मोडकं. फाईलचं नाव `Alekh.PNG` होतं आणि रीडमीत `alekh.png`. लहान-मोठ्या अक्षरांतला फरक विंडोज चालवून घेतं, गिटहब घेत नाही.

आता मार्कडाउनविषयी, म्हणजे रीडमी ज्या खुणांनी लिहितात त्या पद्धतीविषयी. जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये ही पद्धत मांडली, आणि कच्चा मजकूरही माणसाला वाचता यावा असा तिचा हेतू होता. म्हणूनच ती सोपी वाटते आणि नवखा फसतो. वरच्या नमुन्यात पहिलं वाक्य तीन ओळींत मोडलेलं आहे. पानावर ते सलग एका परिच्छेदात येतं, कारण एकदा एंटर मारला तर मार्कडाउन त्याला नुसती मोकळी जागा समजतं. नवा परिच्छेद हवा असेल तर मध्ये एक ओळ रिकामी सोडावी लागते. भाच्याने पाच सूचना पाच ओळींत लिहिल्या होत्या. पानावर त्यांचा एकच लगदा झाला. `#` नंतर जागा सोडली नाही तरी तसंच होतं. शीर्षक ठळक होत नाही, `#` मात्र तसंच दिसत राहतं.

एक अडचण मराठीत लिहिणाऱ्यालाच भेटते. आपण शब्दाला प्रत्यय चिकटवतो. भाच्याने लिहिलं होतं:

```
पाणी **इशारा पातळी (40 फूट)**च्या वर गेलं
```

ठळक अक्षरं आली नाहीत, चांदण्या तशाच दिसल्या. त्याला वाटलं गिटहबला मराठी जमत नाही. कारण वेगळं आहे. बंद करणाऱ्या चांदण्यांच्या आधी विरामचिन्ह असेल, इथे कंस, आणि लगेच पुढे अक्षर चिकटलेलं असेल, तर नियमाप्रमाणे त्या चांदण्या बंद करणाऱ्या धरल्याच जात नाहीत. इंग्रजीत तिथे बहुधा मोकळी जागा किंवा पूर्णविराम येतो, म्हणून कुणाला हे जाणवत नाही. `**इर्विन पूल**च्या` मात्र चालतं, कारण तिथे चांदण्यांआधी साधं अक्षर आहे. तिरप्या अक्षरांसाठी `_पूल_च्या` लिहिलं तर तेही फसतं. शब्दाच्या मधोमध आलेली खालची रेघ मार्कडाउन खूण मानत नाही. `*पूल*च्या` लिहावं. आणि कंस असेल तर तो ठळक भागाबाहेर ठेवून वाक्यच बदलावं: `**इशारा पातळी** (40 फूट) ओलांडली`. वाचायलाही ते बरं लागतं.

शेवटची परीक्षा मिरजेच्या त्याच्या वर्गमैत्रिणीने घेतली. अट एकच होती: ती वाचेल, हा बोलणार नाही. प्रोग्रॅम चालला. मग तिने स्वतःची फाईल बनवायला घेतली आणि अडली. तारीख `05-08` अशी लिहिली. प्रोग्रॅमने ती आठ मे धरली आणि ऑगस्टचा पूर आलेखात उन्हाळ्यात गेला. चूक झाल्याचा संदेशही आला नाही, म्हणून हे जास्त वाईट. ‘फाईल लिहायची कशी?’ या तिच्या प्रश्नाचं उत्तर भाच्याने रीडमीत उतरवलं: तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच हवी, पातळी फुटांत हवी, आणि सोबत दोन ओळींचा नमुना.

```
date,feet
2001-08-05,41.5
```

तिने आणखी एक विचारलं. ‘हे आकडे खरे आहेत का?’ नव्हते. चाचणीसाठी भाच्याने मनाने लिहिले होते आणि तसं कुठेच म्हटलं नव्हतं. पुराच्या रात्री नदीकाठच्या कुणाच्या हाती हे पान लागलं, त्याने आलेख बघितला आणि पाणी उतरतंय असं समजून घरात थांबला तर? आम्ही दोघंही जरा वेळ गप्प झालो. मग पहिल्या वाक्याच्या लगेच खाली, चित्राच्याही आधी, त्याने ही ओळ घातली:

```
> `namuna.csv` मधले आकडे कल्पित आहेत. हा प्रोग्रॅम जुन्या
> नोंदी मोजतो, पुराचा इशारा देत नाही. आजच्या पातळीसाठी
> प्रशासनाच्या सूचना पाहा.
```