हॉस्पिटलच्या बिलातले आकडे एकमेकांना कसे तपासतात

आरोग्य विम्याच्या रिइम्बर्समेंटचा क्लेम करायचा म्हणजे हॉस्पिटलकडून 'ब्रेक-अप' बिल घ्यावे लागते. चार-पाच पाने, प्रत्येक पानावर वीस-तीस ओळी, त्यात सलाईनच्या बाटलीपासून हातमोज्यांपर्यंत सगळे. हे सगळे हाताने एक्सेलमध्ये उतरवण्याऐवजी आता मोबाईलने फोटो काढता येतो. एक्सेलच्या मोबाईल ॲपमधल्या `Data from Picture` सारख्या सोयीने काही सेकंदांत तक्ता तयार होतो. तक्ता स्वच्छ दिसतो, आणि काळजी घ्यावी लागते ती तिथेच. कागदावर पुसट छापलेला आकडा पाहिला की आपण थबकतो. तक्त्यात मात्र चुकीचा वाचलेला आकडाही बरोबर आकड्याइतकाच ठसठशीत दिसतो.

आधी चूक कुठे होते ते पाहू. बिलावरचे आकडे बहुधा आठ पॉइंटच्या आसपासच्या टाइपात असतात. म्हणजे एका आकड्याची उंची सुमारे दोन मिलिमीटर आणि दशांशचिन्हाचा ठिपका एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास. ए-फोर कागदाचा फोटो इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने, म्हणजे साधारण २,४८० बाय ३,५०८ पिक्सेलचा असेल, तर आकड्याला तेवीस-चोवीस पिक्सेलची उंची मिळते आणि ठिपक्याला तीन-चार पिक्सेल. एवढ्यात वाचन चांगले होते. तोच फोटो मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवला आणि वाटेत आकसून त्याची लांबी १,६०० पिक्सेलवर आली, तर आकडा अकरा पिक्सेलचा उरतो आणि ठिपका दोनपेक्षाही कमी. मग 3 ची डावीकडची फट बुजते आणि त्याचा 8 होतो, किंवा 8 ची कड पुसट होऊन त्याचा 3 होतो. ठिपक्याचे तर आणखी अवघड. फोटोतली धूळ, कागदाचे डाग काढून टाकण्याची जी पायरी वाचनाआधी चालते, ती दोन पिक्सेलचा ठिपका डाग समजून पुसून टाकते. म्हणून एका फोटोत एकच पान घ्यावे, कागद सपाट ठेवून बरोबर वरून, खिडकीच्या उजेडात फोटो काढावा, आणि तो पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

एवढे करूनही काही आकडे चुकतात. पण हॉस्पिटलच्या बिलाचा एक गुण आपल्या कामी येतो. त्यात तीच माहिती पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या रूपांत छापलेली असते. प्रत्येक ओळीत नग, दर आणि रक्कम असते, आणि नगाला दराने गुणले की रक्कम यायलाच हवी. प्रत्येक विभागाखाली बेरीज असते, आणि सगळ्या विभागांची मिळून एकूण रक्कम शेवटी असते. म्हणजे एकच रक्कम आडवीही तपासता येते आणि उभीही.

एक नमुन्याचे बिल घेऊ. डेंग्यूचा रुग्ण, चार दिवस भरती. खोलीभाडे दिवसाला ४,००० प्रमाणे १६,०००. नर्सिंग २,४००. डॉक्टरांच्या आठ व्हिजिट, ६,४००. तपासण्यांत पाच वेळा सीबीसी १,७५०, एनएस-१ चाचणी १,२००, सोनोग्राफी १,८००. विभागाची बेरीज ४,७५०. इतर खर्चात नोंदणी ३००, डॉक्युमेंटेशन ५००, सोबतच्या नातेवाइकाचे जेवण ५४०. आणि मेडिकलचा विभाग असा:

आरएल सलाईन, १२ × ७८.५० = ९४२.००
पॅरासिटामॉल आयव्ही, ६ × २८५.०० = १,७१०.००
पॅन्टोप्रॅझोल इंजेक्शन, ८ × ५४.२० = ४३३.६०
हातमोजे, २० × १८.०० = ३६०.००
आयव्ही सेट, ३ × १४५.०० = ४३५.००
परत: पॅरासिटामॉल आयव्ही, २ × २८५.०० = −५७०.००

या विभागाची छापील बेरीज ३,३१०.६० आहे आणि बिलाची एकूण रक्कम, वरचे चाळीस पैसे धरून, ३४,२०१. फोटोवरून तयार झालेल्या तक्त्यात मात्र मेडिकलची बेरीज निघते ४७,३७७. चूक आहे हे कोणालाही कळेल, पण कुठे आहे?

तक्त्यात नग C स्तंभात, दर D मध्ये, रक्कम E मध्ये, विभागाची छापील बेरीज G मध्ये आणि मेडिकलच्या ओळी पाच ते दहा असतील, तर आडवी आणि उभी तपासणी अशी लिहायची:

```
=ROUND(C5*D5-ABS(E5),2)
=ROUND(SUM(E5:E10)-G10,2)
```

`ABS` मुळे परतीच्या ओळीतले वजा चिन्ह आडव्या तपासणीत धरले जात नाही. दोन्हींचे उत्तर शून्य यायला हवे. पहिले सूत्र प्रत्येक ओळीवर खेचले की पॅन्टोप्रॅझोलपाशी अडते. ८ × ५४.२० म्हणजे ४३३.६०, पण तक्त्यात 43360 आले आहे. ठिपका गेला. दर नीट वाचला गेला नसता, तरी या चुकीची खूण फरकात सापडते. दोन दशांशस्थळांचा ठिपका गेला की रक्कम शंभरपट होते, म्हणजे बेरीज खऱ्या रकमेच्या नव्व्याण्णवपटीने फुगते. या ओळीमुळे वाढलेले ४२,९२६.४० भागिले ९९ केले की ४३३.६० मिळतात, आणि तेवढ्या रकमेची ओळ बिलात शोधायची.

ती दुरुस्त केल्यावर बेरीज ४,४५०.६० वर येते. अजून १,१४० जास्तच. आता आडव्या तपासणीत सगळ्या ओळी शून्य दाखवत आहेत. इथे फरकाचा निम्मा करून पाहावा: ५७०. न वापरलेली औषधे मेडिकलला परत केली त्याची ही ओळ आहे. तिच्यातले वजा चिन्ह वाचनात गळाले. २ × २८५ म्हणजे ५७० हे खरेच असल्यामुळे आडव्या तपासणीला त्यात काही वावगे दिसले नाही. वजा करायची रक्कम मिळवली गेली की बेरीज तिच्या दुप्पट चुकते, आणि ते फक्त उभी तपासणीच पकडते. काही बिलांत परतीची रक्कम वजा चिन्हाऐवजी कंसात छापतात. तो कंसही असाच गळतो, म्हणून परतीच्या ओळी मी नेहमी आधी शोधते.

फरक किती आहे यावरून चुकीचा प्रकार बराच ओळखता येतो. तपासण्यांची बेरीज ५०० ने कमी आली, तर शतकाच्या जागी 8 चा 3 झाला असावा. इथे सोनोग्राफीचे १,८०० चे १,३०० झाले होते. फरक एखाद्या ओळीच्या रकमेएवढाच असेल, तर ती ओळ गळाली आहे किंवा दोनदा आली आहे. आणि आकडे हाताने भरताना फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारचे दोन आकडे उलटे टाकले असण्याची शक्यता मोठी. १,७१० ऐवजी १,१७० टाकले की फरक ५४० येतो.

एक चूक मात्र अगदी गुपचूप होते. वाचनात शून्याच्या जागी इंग्रजी अक्षर O आले, `1,2O0` असे, तर एक्सेल त्याला संख्या न मानता मजकूर मानते, आणि `SUM` मजकूर सोडून पुढे जाते. बेरजेपाशी कसलीही सूचना येत नाही. विभागाच्या सहा ओळी असतील तर `=COUNT(E5:E10)` चे उत्तर सहाच यायला हवे. पाच आले, तर एक रक्कम मजकूर बनून बसली आहे.

हे सगळे जुळले तरी नावांचे काय? पानाला घडी पडलेली असेल किंवा कागद फुगीर असेल, तर फोटोत डावीकडची नावे आणि उजवीकडचे आकडे एका रेषेत राहत नाहीत. मग हातमोज्यांसमोर ८, ५४.२० आणि ४३३.६० येतात, आणि पॅन्टोप्रॅझोलसमोर २०, १८ आणि ३६०. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, आणि तरीही तक्ता चुकीचा. गणिताला हे दिसूच शकत नाही. त्याला एकच उपाय आहे: प्रत्येक ओळीचे नाव आणि रक्कम फोटोशेजारी ठेवून डोळ्यांनी पडताळायची. आठ इंजेक्शने पटतात, आठ हातमोजे चोपन्न रुपयांना एक हे पटत नाही, अशी समज इथे उपयोगी पडते.

आता वर्गवारी. वर्ग कोणते करायचे हे विमा कंपनी पैसे कसे कापते यावरून ठरवावे. ज्यांचे वेगळे पैसे मिळत नाहीत अशा वस्तूंच्या चार याद्या विमा नियामक आयआरडीएआयने दिल्या आहेत. पहिल्या यादीत ६८ वस्तू आहेत, ज्या पॉलिसीत वेगळ्या समाविष्ट नसतील तर मिळत नाहीत. हातमोजे, डायपर, नातेवाइकाचे जेवण, तपशील न दिलेले कोणतेही 'किट' त्यात येतात. उरलेल्या तीन याद्या खोलीभाड्यात, शस्त्रक्रियेच्या खर्चात आणि उपचारखर्चात धरलेल्या गोष्टींच्या आहेत, म्हणजे त्यांचे पैसे वेगळे लावायचे नसतात. डॉक्युमेंटेशन खोलीभाड्याच्या यादीत आहे, नोंदणी उपचारखर्चाच्या.

दुसरा मुद्दा खोलीभाड्याच्या मर्यादेचा, आणि मोठी रक्कम जाते ती इथे. समजा पॉलिसीत दिवसाला ३,००० ची मर्यादा आहे आणि खोली ४,००० ची घेतली. मग कंपनी खोलीभाडेच नव्हे, तर डॉक्टर, नर्सिंग यांसारखा संलग्न खर्चही तीन-चतुर्थांशच धरते. (काही पॉलिसींत नर्सिंग भाड्याच्याच मर्यादेत मोजतात, इथे ते वेगळे धरले आहे.) पण २०२० च्या नियमांनुसार औषधे व वापराच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या यांवर ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आणि आयसीयूच्या शुल्कावरही नाही. म्हणून तपासण्यांचे ४,७५० रुपये 'हॉस्पिटल चार्जेस' अशा सरसकट वर्गात गेले, तर त्यातले १,१८७.५० नाहक कापले जाऊ शकतात. वेगळा वर्ग ठेवला की चूक लगेच दाखवता येते.

म्हणून F स्तंभात खोली, नर्सिंग, डॉक्टर, तपासण्या, औषधे, न मिळणारे, समाविष्ट असे वर्ग लिहावेत आणि बेरीज अशी घ्यावी:

```
=SUMIFS(E:E,F:F,"तपासण्या")
```

विभागाच्या छापील बेरजा E मध्ये कधीही ठेवू नयेत; तिथे राहिल्या की रकमा दोनदा मोजल्या जातात. सगळ्या वर्गांची बेरीज ३४,२००.६० यायला हवी. ती कमी आली, तर एखाद्या ओळीचा वर्ग लिहायचा राहिला आहे किंवा त्याच्या नावात नको असलेली मोकळी जागा आली आहे.

आपल्या नमुन्यात खोलीचे ४,०००, नर्सिंगचे ६०० आणि डॉक्टरांचे १,६०० मिळून ६,२०० प्रमाणशीर कपातीत जातात. हातमोजे आणि जेवणाचे ९००, नोंदणी व डॉक्युमेंटेशनचे ८००. उरतात २६,३०१. मूळ बिले क्लेमसोबत द्यावी लागतात, तक्ता त्यांची जागा घेत नाही. तो जोडावा, एक प्रत आपल्याकडे ठेवावी, आणि कंपनीचे सेटलमेंट पत्र आले की त्यातली प्रत्येक वजावट तक्त्यातल्या ओळीसमोर लिहावी. जी वजावट कुठल्याच ओळीशी जुळत नाही, तिचे कारण कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएकडे लेखी मागावे.